गल्ला भरला, पण खुर्ची रिकामी

शनिवारी सलूनमध्ये बसायला जागा नसते आणि मालकाला वाटतं, धंदा जोरात आहे. समजा, चार खुर्च्या, रोज दहा तास, सोमवारी सुट्टी धरून महिन्याचे २६ दिवस. म्हणजे विकायला १०४० खुर्ची-तास. त्यातले काम झालेले ५२०. खुर्च्यांचा वापर निम्माच! वारानुसार फोड केली की खरं दुखणं दिसतं: आठ शनिवार-रविवारी ९० टक्के, उरलेल्या १८ दिवसांत जेमतेम ३२. अशा वेळी पाचवी खुर्ची घेणं म्हणजे भाडं वाढवणं.

६५० बिलांचे ३,९०,००० रुपये, म्हणून सरासरी बिल ६००. हा आकडा फसवा असतो. लग्नसराईत नवरीच्या मेकअपची चार-पाच बिलं त्याला फुगवतात. ती वेगळी काढावीत. शिवाय बिलासोबत वेळ पाहावा. अर्ध्या तासाचा ३०० रुपयांचा हेअरकट तासाला ६०० मिळवतो. तीन तासांचं १५०० रुपयांचं काम ५००च.

तिसरा आकडा बहुतेक जण लिहीतच नाहीत. ६५० पैकी १३० जणांनी निघण्याआधी पुढची वेळ घेतली, म्हणजे २० टक्के. तो कारागिरानुसार मोजावा. केस रंगवणाऱ्याला मुळं चार-सहा आठवड्यांनी दिसू लागतात, तेव्हा काउंटरवर “बुधवारी सकाळी येता का?” एवढं विचारलं तरी मधले वार भरू लागतात. सरसकट सवलत दिल्यास मात्र शनिवारचाच गिऱ्हाईक बुधवारी स्वस्तात येतो, आणि सरासरी बिल घसरतं. सवलत देण्याआधी महिनाभर हे विचारून पाहा.