समजून घ्या : भागीदार निवृत्त झाला, त्याचे पैसे कोण आणि कसे देणार?

समजा, मिरजगावात तिघांचे कृषी सेवा केंद्र आहे. नफ्याच्या रुपयात थोरल्या भागीदाराचे ५० पैसे, मधल्याचे ३० आणि धाकट्याचे २०. मधला निवृत्त होतो. उरलेले दोघे पुढे ६० आणि ४० पैसे घ्यायचे ठरवतात.

म्हणजे थोरल्याचा वाटा १० पैशांनी वाढला, धाकट्याचा २० पैशांनी. हेच १:२ लाभाचे प्रमाण.

दुकानाच्या ख्यातीचे (गुडविल) मूल्य ३ लाख रुपये ठरले, तर निवृत्त भागीदाराचा हिस्सा ९० हजार. तो जुन्या ५:२ प्रमाणात वाटणे ही नेहमीची चूक. ज्याचा वाटा जास्त वाढला, त्याने जास्त द्यायचे. म्हणून थोरल्याच्या भांडवल खात्यातून ३० हजार, धाकट्याच्या खात्यातून ६० हजार वजा होतात.

निवृत्ताचे भांडवल ५ लाख १० हजार. ख्याती धरून येणे ६ लाख. एवढी रोकड नसल्याने ही रक्कम त्याच्या कर्ज खात्यात जाते. दरवर्षी मुद्दलाचे २ लाख आणि १० टक्के व्याज ठरले, तर हप्ते असे :

पहिला : २ लाख ६० हजार
दुसरा : २ लाख ४० हजार
तिसरा : २ लाख २० हजार

व्याज उरलेल्या मुद्दलावरच लागते. तिन्ही वर्षे ६० हजारच धरले, तर ६० हजार जादा जातात.

करारात काहीच ठरले नसेल तर? भागीदारी कायदा, १९३२ च्या कलम ३७ नुसार निवृत्त भागीदार थकीत रकमेवर ६ टक्के व्याज किंवा त्या रकमेमुळे झालेला नफा, यांपैकी एक मागू शकतो. निवड त्याची.