मुलाखतीची वेळ बदलून मागताना

मुलाखत गुरुवारी ११ वाजता आणि नेमकी तेव्हाच विद्यापीठाची तोंडी परीक्षा. असा पेच लक्षात येताच, त्याच दिवशी कळवावं. नवा मेल न लिहिता मुलाखतीच्या मेललाच उत्तर द्यावं, म्हणजे एचआरला संदर्भ शोधावा लागत नाही. मजकूर एवढा पुरे: 'गुरुवारी ११ वाजता माझी तोंडी परीक्षा आहे, ती पुढे ढकलता येत नाही. शुक्रवारी १० ते १ किंवा सोमवारी दुपारी ३ नंतर मी येऊ शकेन. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' 'कधीही चालेल' हे नम्र वाटतं, पण पॅनेलमधल्या तिघांच्या वेळा जुळवणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य. लांबलचक कारणं तर संशयच वाढवतात. नव्या वेळेचा होकार येईपर्यंत जुनी वेळ रद्द झाली असं समजू नका. दुसऱ्या दिवशीही उत्तर आलं नाही, तर सरळ फोन करा.