व्हायवानंतरची दुरुस्ती-यादी

पीएच.डी.च्या मौखिक परीक्षेत परीक्षक सलग बोलत जातात. त्यात हुकूम, सल्ला आणि नुसतं कुतूहल एकत्र मिसळलेलं असतं. यादी करताना आधी हे तीन वेगळे करायचे.

समजा, ऊसशेतीतल्या ठिबक सिंचनावरचा प्रबंध आहे. बाह्य परीक्षक म्हणतात, "चौथ्या प्रकरणात शेतकरी कसे निवडलेत, ते कळत नाही. निष्कर्ष फार सरसकट झालाय. आणि विदर्भाशी तुलना करून बघा कधीतरी." पहिली दोन वाक्यं दुरुस्त्या आहेत. तिसऱ्यातल्या 'कधीतरी'मुळे तो सल्ला ठरतो. पण अंदाजावर न राहता उठण्यापूर्वी अध्यक्षांना विचारून घ्यावं. अंतिम प्रत १५ जूनला द्यायची असेल, तर यादी अशी होईल:

१. प्रकरण ४: शेतकरी निवडण्याची पद्धत व निकष सांगणारा परिच्छेद जोडणे. २५ मेपर्यंत.
२. समारोप: निष्कर्ष पाहणी केलेल्या गावांपुरता मर्यादित करणे. ३१ मेपर्यंत.

विदर्भाचा मुद्दा यादीखाली 'ऐच्छिक' म्हणून, क्रमांकाविना.

इथे दोन्ही जुळले असले, तरी क्रम बोलण्याचा नाही, कामाचा: निवडीची पद्धत स्पष्ट झाल्याशिवाय निष्कर्षाची मर्यादा ठरत नाही. तारखा शेवटाकडून मागे मोजल्यात, कारण मार्गदर्शकांना वाचायला आठवडाभर तरी लागतो. 'प्रकरण ४ सुधारणे' एवढंच लिहिलं, तर काम झालं की नाही हे कुणालाच तपासता येत नाही. वाद नेमका तिथेच होतो. यादी व्हायवाच्याच दिवशी समितीला ईमेलने पाठवून होकार मागावा.