शाळा सोमवारी, ३ नोव्हेंबरला

सहामाही परीक्षा संपते, उत्तरपत्रिका तपासून होतात, आणि सुट्टी लागण्याच्या दिवशी वर्गशिक्षिका पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर एक संदेश टाकते. त्यात दिवाळीच्या शुभेच्छा, सुट्टीतला अभ्यास आणि शाळा पुन्हा भरण्याची तारीख असते. लिहायला दहा मिनिटेही लागत नाहीत. पण पुढचे पंधरा-सोळा दिवस शाळा आणि घर यांच्यात एवढाच दुवा उरतो. बीड जिल्ह्यासारख्या भागात तर एखादे मूल दुसऱ्या सत्रात वर्गात दिसेल की नाही, याच्याशीही त्याचा संबंध येतो. म्हणून हा संदेश नीट उलगडून पाहायला हवा.

उदाहरण २०२५च्या दिवाळीचे घेऊ. मराठवाड्यातल्या एका गावातली जिल्हा परिषदेची शाळा, इयत्ता चौथीचा वर्ग. गुरुवारी १६ ऑक्टोबरला शाळेचा शेवटचा दिवस आणि दुसऱ्या दिवशी वसुबारस. सुट्टी शनिवार १ नोव्हेंबरपर्यंत, त्यानंतरचा रविवार धरून शाळा सोमवारी ३ नोव्हेंबरला भरणार, असे समजू.

पहिली चूक होते ती तारीख लिहितानाच. ‘सुट्टी १७ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर’ असे लिहिले की काही पालक १ तारखेला मुलाला दप्तर घेऊन पाठवतात, काही २ तारखेला रविवार आहे हे विसरतात, आणि उरलेले दुसऱ्यांना फोन करून विचारतात. पालकांना एकच गोष्ट हवी असते, शाळा भरणार कधी. वार, तारीख आणि वेळ एका ओळीत आली की विचारणा थांबते. घोळ आणखी एका कारणाने होतो. महाराष्ट्रातल्या शाळांना वर्षभरात जास्तीत जास्त ७६ सुट्ट्या घेता येतात, पण दिवाळीच्या सुट्टीच्या तारखा सगळ्या जिल्ह्यांत सारख्या नसतात. मामाच्या गावी गेलेल्या मुलाच्या घरी तिथल्या शाळेची तारीख ऐकू येते, दुसऱ्याच जिल्ह्याचे परिपत्रक गटावर येऊन पडते, आणि खरी तारीख मागे राहते.

त्या वर्षी आणखी एक अडचण होती. बुधवारी ५ नोव्हेंबरला गुरुनानक जयंतीची सुट्टी होती. सोमवारी शाळा भरली की एक दिवस सोडून पुन्हा सुट्टी, म्हणजे आता गुरुवारीच पाठवू, असा हिशेब बऱ्याच घरांत होतो. हे रागावून थांबत नाही. सोमवारी आणि मंगळवारी शाळा आहे, असे आधीच स्पष्ट लिहिले तर पालक परतीचा प्रवास त्याप्रमाणे ठरवतात.

संदेश कुठे पडतो याचाही विचार करावा लागतो. धनत्रयोदशीपासून प्रत्येकाच्या फोनवर पणत्या, लक्ष्मी आणि रांगोळ्यांच्या चित्रांचा पूर येतो. बाईंनी मोठी कविता आणि दिव्याचे चित्र टाकून खाली सूचना लिहिली, तर तोही त्यातलाच एक समजला जातो. शिवाय लांब संदेश व्हॉट्सअॅप अर्ध्यावर मिटवून टाकते, उरलेला मजकूर पाहायला बोट टेकवावे लागते. शुभेच्छांचे एक मनापासूनचे वाक्य आणि त्याच्या लगेच खाली तारीख, हा क्रम मला सर्वांत चांगला वाटतो. संदेश गटाच्या वरच्या बाजूला पिन करून ठेवता येतो. त्यासाठी २४ तास, ७ दिवस आणि ३० दिवस असे पर्याय असतात. १६ ऑक्टोबरला ७ दिवसांचा पर्याय निवडला तर भाऊबीजेलाच पिन निघून जाते, आणि तारीख शोधायची खरी वेळ त्यानंतर सुरू होते. म्हणून ३० दिवसच निवडावेत. ज्यांच्याकडे असा फोन नाही किंवा ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी बाईंनी स्वतःच्या आवाजात मिनिटभराचा निरोप पाठवावा आणि मुलांच्या वहीत फळ्यावरून तारीख लिहून द्यावी.

शुभेच्छांच्या वाक्यातही पालकांची घरे डोळ्यांपुढे असावी लागतात. सप्टेंबर २०२५मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, नद्यांना पूर आले, उभे सोयाबीन पाण्यात गेले. अशा वर्षी ‘धनधान्याने घर भरून जावो’ हे तयार वाक्य शेतकऱ्याच्या घरी कसे वाचले जाईल, हे गावात राहणाऱ्या बाईंना सांगावे लागत नाही. ज्या घरात वर्षभरात कोणी गेले असेल त्या घरी त्या वर्षी दिवाळी नसते. फराळ केला जात नाही, सोयरे आणून देतात. त्या पालकांना गटावरच्या संदेशाऐवजी एक फोन करावा. ज्या घरांत हा सण साजरा होत नाही, तीही याच वर्गातली असतात. ‘सुट्टी आनंदात जावो’ हे शब्द त्यांनाही आपले वाटतात.

या सगळ्याचा विचार करून लिहिलेला संदेश असा होईल:

‘पालकहो, नमस्कार. तुम्हां सर्वांना दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा. मुलांची सुट्टी आनंदात जावो.

शाळा सोमवार, ३ नोव्हेंबर रोजी सकाळी १० वाजता भरेल. बुधवारी ५ तारखेला गुरुनानक जयंतीची सुट्टी आहे, पण सोमवारी आणि मंगळवारी शाळा आहे.

दिवाळीचा अभ्यास मुलांनी वहीत लिहून घेतला आहे. २० ते २३ ऑक्टोबर अभ्यास नाही. २४ तारखेपासून रोज अर्धा तास पुरे. अभ्यास मुलांनाच करू द्या, चुकला तरी चालेल. त्यासाठी बाजारातून काही आणू नका, प्रिंट काढू नका. पुराच्या पाण्यात ज्यांची पुस्तके-वह्या गेल्या त्यांनी मला सांगा.

कामासाठी बाहेरगावी जाणार असाल तर निघण्याआधी मला फोन करा. मुलाचे शिक्षण हमी पत्रक करून देते. मूल आजी-आजोबांकडे राहणार असेल तर तेही कळवा.

फटाके उडवताना मोठ्यांपैकी कोणीतरी मुलांजवळ थांबा.

– वर्गशिक्षिका, इयत्ता चौथी’

अभ्यासाला २४ तारीख का, तर नरक चतुर्दशी २० तारखेला, लक्ष्मीपूजन २१ला, पाडवा २२ला आणि भाऊबीज २३ला. त्या चार दिवसांत कोणतेही मूल लिहायला बसत नाही, आणि बसवू पाहिले तर घरात भांडण होते. त्यानंतर १ नोव्हेंबरपर्यंत नऊ दिवस मिळतात. रोज अर्धा तास धरला तर साडेचार तासांचे काम झाले. दहा वर्षांच्या मुलासाठी तेवढे पुरेसे आहे.

‘रोज एक पान शुद्धलेखन’ हा जुना अभ्यास मात्र बहुतेक घरांत शेवटच्या संध्याकाळी होतो. वही उघडली की कळते. सगळी पाने एकाच पेनने लिहिलेली असतात, पहिल्या दोन पानांवर अक्षर नीट आणि पुढे ते खाली घसरत गेलेले असते. काही वह्यांत मधली पाने ताईच्या किंवा आईच्या अक्षरात असतात. मूल आळशी म्हणून असे होत नाही. रोजचे पान रोजच लिहावे असे त्या कामात काहीच नसते, म्हणून ते साचते.

चौथीसाठी याहून चांगला अभ्यास अंगणातच तयार होत असतो. या वर्गाला इतिहासात शिवछत्रपती आहेत, आणि दिवाळीत मुले माती, दगड, विटा आणि जुन्या पोत्यांचा किल्ला करतात. वसुबारसेला मोहरी किंवा अळीव पेरले तर लक्ष्मीपूजनापर्यंत कोवळे हिरवे कोंब दिसू लागतात. बाईंनी सांगावे की तुम्ही केलेल्या किंवा शेजारी पाहिलेल्या किल्ल्याबद्दल वहीत लिहा. किल्ला कोणता, तो डोंगरी की पाण्यातला, दरवाजा कुठल्या बाजूला, पाणी कुठे साठवले? जुलै २०२५मध्ये युनेस्कोने शिवकाळाशी जोडलेले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांतले अकरा महाराष्ट्रात आहेत आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. त्या बारांतला एक किल्ला निवडला तरी चालेल.

पाण्याचा प्रश्न मुद्दाम विचारावा. वेढा पडला की गड पाण्यावर टिकतो, हे मुलांना धड्यातून जेवढे कळत नाही तेवढे स्वतःच्या किल्ल्यावर टाके खणताना कळते. रायगडावर गंगासागर तलाव आहे. चारी बाजूंनी समुद्र असलेल्या सिंधुदुर्गात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. किल्ला मुलाने स्वतः केला की मोठ्यांनी करून दिला, हे सोमवारी एका प्रश्नात समजते. दरवाजा बुरुजांच्या आड का ठेवलास? ज्याने हाताने माती थापली आहे तो मूल लगेच सांगते की शत्रूला समोरून दिसू नये म्हणून.

गणितासाठी किराण्याची पावती आणायला सांगण्याची पद्धत आहे, ती मला पटत नाही. कोणाच्या घरी किती खर्च झाला आणि किती उधारीवर आले, हे वर्गात उघडे पडते. त्यापेक्षा दुकानात जाऊन दोन-तीन जिनसांचा किलोचा भाव विचारून यावा आणि पाव किलोचा काढावा. शेंगदाणे १४० रुपये किलो असतील तर पाव किलोला ३५. एवढ्यात भागाकारही होतो आणि व्यवहारही.

संदेशातला शेवटून दुसरा परिच्छेद मराठवाड्यात सर्वांत महत्त्वाचा. दिवाळी संपते आणि ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात निघतात. मुकादमाची गाडी आली की कुटुंब रात्रीतून गाव सोडते, आणि सांभाळायला कोणी नसेल तर मूलही सोबत जाते. पुढचे काही महिने ते फडाशेजारच्या कोपीत राहते. शाळेत परत येते तेव्हा वर्ष संपत आलेले असते. निघण्याआधी बाईंना कळले तर दोन वाटा असतात. आजी-आजोबा गावात असतील तर मूल तिथेच राहून हंगामी वसतिगृहाचा आधार घेऊ शकते. ते जाणारच असेल तर शिक्षण हमी पत्रक बरोबर द्यायचे. मूल कोणत्या शाळेतले, कोणत्या इयत्तेतले, त्याला काय येते, याची नोंद त्यात असते, आणि कारखान्याजवळच्या शाळेला त्यावरून त्याला योग्य वर्गात बसवता येते.

अडचण अशी की तोडीची तारीख आई-वडिलांनाही आधी नक्की माहीत नसते. म्हणून एका संदेशावर भागत नाही. ज्यांची घरे दरवर्षी जातात ती बाईंना ठाऊक असतात. त्यांना भाऊबीजेनंतर एक फोन करून, मुकादम कोण, कारखाना कोणता, एवढे विचारून ठेवावे. सोमवारी ३ तारखेला हजेरी घेताना जे मूल दिसणार नाही, त्याच्या घरी त्याच संध्याकाळी चौकशी व्हावी, कारण गुरुवारपर्यंत थांबले तर टोळी फडावर पोहोचलेली असते आणि वडिलांचा फोन लागत नाही.