आत जाणारी गाठ आणि अडकलेली गाठ

जांघेत गाठ दिसली तरी बरेच पुरुष महिनोन् महिने कुणाला सांगत नाहीत. दुखत नाही, आडवं झालं की नाहीशी होते, मग कशाला दाखवायची, असं त्यांना वाटतं. खोकल्यावर किंवा जोर लावल्यावर फुगणारी आणि झोपल्यावर आत जाणारी अशी गाठ बहुतेक वेळा अंतर्गळाची, म्हणजे हर्नियाची असते.

पुरुषांत हा आजार जास्त का, याचं मूळ जन्माआधीच्या काळात आहे. गर्भात अंड पोटात तयार होतं आणि जांघेतल्या वाटेने खाली अंडकोशात उतरतं. ती वाट पोटाच्या भिंतीतली कच्ची जागा म्हणून राहते. वय वाढलं, स्नायू सैल झाले, त्यात जुना खोकला, बद्धकोष्ठ किंवा लघवीला कुंथण्याची भर पडली की तिथून आतड्याचा भाग बाहेर डोकावतो. कच्च्या जागेला औषध नाही. ती दुरुस्त करायला शस्त्रक्रियाच लागते. पट्टा बांधल्याने फुगवटा दबतो, बरा होत नाही.

पण शस्त्रक्रिया आजच हवी का? गाठ सहज आत जात असेल आणि त्रास नसेल, तर सर्जनच्या सल्ल्याने थांबता येतं. अशा पुरुषांत वर्षभरात गाठ अडकण्याचं प्रमाण हजारात दोनच्या आसपास आढळलं आहे. मात्र थांबलेल्यांपैकी बरेच जण पुढे दुखू लागल्यावर ऑपरेशन करून घेतात. त्यात बहुधा कच्च्या जागेवर जाळी बसवतात, उघड्या पद्धतीने किंवा दुर्बिणीने.

घाईची वेळ कशी ओळखायची? समजा, पंचावन्न वर्षांच्या एका हमालाची गाठ रोज रात्री आडवं झालं की आत जायची. एका संध्याकाळी पोतं उचलल्यावर ती जास्त फुगली आणि झोपूनही आत जाईना. हात लावला तर कडक, दुखरी. दोन तासांनी पोटात कळा आणि उलट्या सुरू झाल्या, वारा सरेनासा झाला. इथे आतडं अरुंद तोंडाशी अडकलं आहे. त्याचा रक्तपुरवठा तुटला तर काही तासांत ते सडू लागतं आणि मग तेवढा भाग कापून काढावा लागतो. गाठीवरची कातडी लाल किंवा काळपट होणं आणि ताप येणं ही धोका वाढल्याची लक्षणं.

अशा वेळी गाठ जोराने आत ढकलू नका, चोळू नका, शेकू नका. जुलाबाचं औषध घेऊ नका. भूल द्यावी लागेल म्हणून काही खाऊपिऊही नका. मध्येच दुखणं थांबलं तरी बरं झालं असं समजू नका, कारण आतडं निकामी होतानाही वेदना कमी होऊ शकते. सकाळपर्यंत वाट न पाहता, जिथे रात्रीही सर्जन आणि भूलतज्ज्ञ मिळतील अशा रुग्णालयात त्याच वेळी जा.