दोन नावं, एकच गोळी

या गोष्टीतल्या बाई साताऱ्याजवळच्या एका शाळेतून निवृत्त झालेल्या. वय बहात्तर. गावातल्या डॉक्टरांनी दिलेली रक्तदाबाची पांढरी गोळी त्या कितीतरी वर्षं रोज सकाळी चहानंतर घेत. दिवाळीला पुण्याला लेकीकडे गेल्या तेव्हा दाब 160 च्या वर गेला. लेकीने हृदयरोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी विचारलं, ‘‘आजी, आधीची काही औषधं चालू आहेत?’’ बाई म्हणाल्या, ‘‘हो, बीपीची एक लहान पांढरी गोळी.’’ नाव आठवेना आणि पाकीट गावाकडे राहिलेलं. डॉक्टरांनी नवी गोळी लिहून दिली. जुनी बंद करा असं कागदावर कुठे नव्हतं, म्हणून गावी परतल्यावर बाईंनी दोन्ही सुरू ठेवल्या.

दोन-तीन आठवड्यांत पाय सुजू लागले. सकाळी बरे असायचे, पण संध्याकाळी चपलेच्या पट्ट्याचा वळ घोट्यावर उमटायचा आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. कोणी म्हणालं मीठ कमी करा, कोणी म्हणालं लघवी जास्त होण्याची गोळी मागून घ्या. ती तिसरी गोळी घरी आलीसुद्धा असती. पण त्याआधी लेकीने फोनवर सांगितलं, ‘‘आई, सगळ्या पाकिटांचे फोटो पाठव. पुढून आणि मागूनही.’’

फोटो काढले आणि पाठवण्याआधी बाईंनी स्वतःच ते बोटांनी मोठे करून पाहिले. चष्मा लावूनही न दिसणारी मागची बारीक अक्षरं पडद्यावर ठळक दिसत होती. पाकिटावर मोठ्या अक्षरांतलं नाव कंपनीने ठेवलेलं असतं आणि ते प्रत्येक कंपनीचं वेगळं. खरं औषध कोणतं ते ‘प्रत्येक गोळीत अमुक इतकं’ या ओळीत कळतं. जुन्या पाकिटावर तिथे लिहिलं होतं, अॅम्लोडिपिन 5 मिलिग्रॅम. नव्या गोळीत दोन औषधं होती: तेल्मिसार्टन 40 मिलिग्रॅम आणि अॅम्लोडिपिन 5 मिलिग्रॅम. नव्या नावापुढची ‘एएम’ ही अक्षरं बाईंना सकाळची खूण वाटली होती. अशा जोडगोळीच्या नावात ती बहुधा अॅम्लोडिपिनची असतात.

म्हणजे रोज 5 ऐवजी 10 मिलिग्रॅम पोटात जात होतं. मोठ्या माणसाला दिवसाला जास्तीत जास्त देतात तो हाच डोस, त्यामुळे विषबाधेची भीती नव्हती. पण म्हाताऱ्या माणसाला हे औषध पुष्कळदा 2.5 मिलिग्रॅमपासून सुरू करतात, आणि पायांची सूज डोसबरोबर वाढते. अॅम्लोडिपिन बारीक रोहिण्या सैल करतं, शिरा मात्र तितक्या सैलावत नाहीत. आत येणारं रक्त वाढतं आणि पुढे जाण्याची वाट तेवढीच राहते. मग केशवाहिन्यांतला दाब वाढून पाणी बाहेर झिरपतं, आणि दिवसभर उभं-बसलं की ते घोट्याशी साचतं. ही सूज अंगात पाणी जास्त झाल्याची नसते, म्हणून लघवीच्या गोळीने ती फारशी उतरत नाही. उलट बाईंची अंधारी वाढली असती. औषधाचा त्रास नवा आजार समजून त्यावर आणखी एक औषध सुरू होतं, ते असं.

बाईंनी मनाने काहीच बंद केलं नाही, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. कधी डॉक्टर मुद्दाम डोस वाढवायला दोन गोळ्या देतात, आणि दोन्ही एकदम थांबवल्या तर दाब पुन्हा चढतो. लेकीने दोन्ही फोटो पुण्याच्या डॉक्टरांना दाखवले. जुनी चालू राहील अशी त्यांची कल्पनाच नव्हती. नवी गोळी जुनीच्या जागी होती. त्यांनी सुटी गोळी थांबवली, जोडगोळी ठेवली आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ दाब मोजून लिहायला सांगितलं. गावच्या डॉक्टरांनाही कळवायला सांगितलं, नाहीतर पुढच्या फेरीत जुनी गोळी पुन्हा लिहिली गेली असती. अॅम्लोडिपिन शरीरातून सावकाश जातं. निम्मं व्हायलाच 30 ते 50 तास लागतात, उतारवयात आणखी जास्त. सूज उतरायला जवळपास दोन आठवडे गेले, आणि तेवढं थांबायचं आहे हे आधी सांगितलेलं असल्यामुळे बाई घाबरल्या नाहीत.

एक अडचण मात्र फोटोंनीही सुटली नव्हती. औषधांच्या डब्यात कात्रीने कापलेला चार गोळ्यांचा एक तुकडा होता. त्यावर ना नाव, ना मुदत. दुकानदार सुट्या गोळ्या देतो तेव्हा नाव आणि मुदत असलेला भाग बहुतेक वेळा त्याच्याकडेच उरतो. बाईंनी तो तुकडा वापरातून काढला आणि दुकानदाराला सांगितलं, ‘‘पाकीट पूर्ण दे, नाहीतर कापण्याआधी मला फोटो काढू दे.’’ त्याच आठवड्यात शेजारणीच्या डब्यातही त्यांनी तीच ओळ वाचली. तापाच्या गोळीत पॅरासिटामॉल 650 मिलिग्रॅम, आणि गुडघ्याच्या गोळीत दुसऱ्या वेदनाशामकाबरोबर पुन्हा पॅरासिटामॉल, 325 मिलिग्रॅम. शेजारीण दोन्ही दिवसातून तीनदा घेत होती. बाईंनी फोटो काढले आणि तिला घेऊन त्या डॉक्टरांकडे गेल्या.