सकाळी आंबट, दुपारी बेचव

पानफुटीचं पान कुंडीत नुसतं टाकून ठेवलं तरी त्याच्या कडांना नवी रोपं फुटतात, हे आपण शाळेत पाहिलेलं असतं. तिची दुसरी करामत मात्र डोळ्यांना दिसत नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत दक्षिण भारतात राहिलेले वनस्पतीतज्ज्ञ बेंजामिन हाइने यांना ती जिभेवर कळली. या झाडाचं पान सकाळी आंबट लागतं, दुपारी बेचव होतं आणि संध्याकाळकडे किंचित कडवट लागतं, असं त्यांनी लिहून ठेवलं. ते टिपण 1815 साली लंडनच्या लिनियन सोसायटीने छापलं. (आपण ही चव घेऊन पाहू नये. पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात.)

सकाळच्या त्या आंबटपणातच गुडघे आणि कंबर कुरकुरणाऱ्या माणसाच्या सोयीचं गुपित आहे. झाडाला अन्न बनवायला हवेतला कार्बन डायऑक्साइड लागतो. तो घ्यायला पानावरची सूक्ष्म छिद्रं उघडावी लागतात, आणि ती उघडली की पानातलं पाणी उडून जातं. मोगरा, जास्वंद ही छिद्रं भर उन्हात उघडतात. पानफुटी ती रात्री उघडते, कारण तेव्हा हवा गार आणि दमट असते. रात्री घेतलेला वायू ती मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते, म्हणून पहाटे पान आंबट असतं. दिवसा छिद्रं मिटून, त्याच आम्लातून वायू सोडवून, उजेडात ती अन्न बनवते. दुपारपर्यंत आम्ल संपतं आणि आंबटपणाही जातो. कोरफड, जेड आणि स्नेक प्लांट याच रीतीने जगतात, म्हणून त्यांना पाणी कमी लागतं.

आता हिशोब मांडू. पुण्यातल्या गॅलरीत आठ इंची सहा कुंड्या आहेत आणि प्रत्येकीला एका वेळी साधारण अर्धा लिटर पाणी लागतं. त्यांत मोगरा-जास्वंद असतील तर एप्रिलमध्ये रोज तीन लिटर, म्हणजे पंधरवड्यात 45 लिटर पाणी घालावं लागेल. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, तेव्हा पंधरवड्यात 45 किलो उचलणं आलं. त्याच सहा कुंड्यांत कोरफड, जेड, पानफुटी आणि स्नेक प्लांट असतील तर पंधरवड्यातून एकदा, एकूण तीन किलो.

हे तीन लिटरही एकदम उचलायचे नाहीत. लांब नळीची दीड लिटरची प्लॅस्टिकची झारी घ्यावी आणि तिच्या दोन फेऱ्या कराव्यात. झारी नळाखाली धरून भरण्याऐवजी ओट्यावर ठेवून मगाने भरावी, म्हणजे भरताना वजन हातावर येत नाही. वजन अंगापासून जितकं लांब, तितका कमरेवरचा ताण जास्त. नळी लांब असली की झारी पोटाजवळ धरून, कोपर वाकवूनच पाणी घालता येतं. कुंड्या जमिनीवर न ठेवता कमरेइतक्या उंच स्टँडवर असाव्यात. अंगणातलं तुळशी वृंदावन उंच असतं, त्यामुळे तिथे उभ्यानेच पाणी घालता येतं, तसंच.

मनी प्लांटसारखं तहानलेलं झाड हवंच असेल तर पाण्याला स्वतः वर चढू द्यावं. दिव्याच्या वातीतून तेल चढतं तसंच सुती किंवा नायलॉनच्या दोरीतून पाणी चढतं. कुंडी भरतानाच तळाच्या भोकातून भिजवलेली दोरी वर मातीत घालून घ्यावी. हे काम घरातल्या तरुण हातांनी एकदाच करावं. दोरीचं दुसरं टोक खाली ठेवलेल्या, झाकण असलेल्या डब्यात सोडायचं. झाकणाला दोरीपुरतंच भोक असावं, नाहीतर डासांची पैदास होते. सुती दोरी काही महिन्यांत कुजते, नायलॉन टिकतो. डब्यातलं पाणी उतरत नाही आणि माती मात्र कोरडी आहे, असं दिसलं तर दोरीचा मातीशी संपर्क तुटला, असं समजावं. मग एकदा वरून पाणी घालावं, म्हणजे चढण पुन्हा सुरू होते.

कोरफडीला मात्र ही वात लावू नये. सतत ओल्या मातीत तिची मुळं कुजतात. तहान ओळखायची तर पान चिमटीत धरून पाहा. पान सुरकुतलेलं, लवचीक लागलं तर पाणी हवं आहे. बुडाशी मऊ, पिवळं आणि दुर्गंधी येणारं असेल तर पाणी जास्त झालंय. मग माती पूर्ण सुकेपर्यंत झारी बाजूला ठेवावी. पावसाळ्यात हवाच दमट असते आणि माती लवकर सुकत नाही, तेव्हा पंधरवडा मोजत बसू नये. बांबूची लांब काडी कुंडीत खोल खुपसून बाहेर काढावी. तिला ओली माती चिकटली तर त्या दिवशी पाणी घालायचं नाही.